प्रेम टिकतं कशानं? लग्नाच्या आदल्या रात्री नातीला आजीचं उत्तर

"आजी, घरात विचारलं की तू 'झोप आता' म्हणतेस, म्हणून रीतसर तुझ्या सदरालाच पत्र पाठवतेय, हाताला मेंदी आहे म्हणून ताईकडून टाइप करून घेतेय. उद्या लग्न. आमची तीन वर्षांची ओळख आहे, प्रेम आहे, पण गेल्या महिन्यात हॉल, मेन्यू, आहेर, कोणाचे पाहुणे किती यावरून इतकी भांडणं झालीत की आता भीतीच वाटायला लागलीये. तू फॅमिली कोर्टात समुपदेशक होतीस, मोडणारे संसार जवळून बघितलेस. मग सांग ना, प्रेम टिकतं कशानं? फक्त 'ॲडजस्ट कर' आणि 'सांभाळून घे' हे दोन शब्द सोडून. – तुझीच नात"

चिऊ,

बरं, ते दोन शब्द नाही वापरत. तसेही कोर्टात मी ते कोणाला म्हटले नाहीत, कारण तिथं येईपर्यंत बायकांनी ते माहेरच्यांकडून इतक्या वेळा ऐकलेले असायचे की अजून एकदा ऐकलं असतं तर उठूनच गेल्या असत्या.

पहिल्यांदा भांडणांचं. भांडणं होतात म्हणून घाबरू नकोस. माझ्या समोर जी जोडपी बसायची ना, त्यात मला भीती वाटायची ती गप्प बसणाऱ्यांची. आमच्याकडची पद्धत अशी की केस दाखल झाली की जज दोघांना समुपदेशकाकडे पाठवणार, आधी आम्ही एकेकट्याशी बोलणार, मग दोघांना समोरासमोर बसवणार, आणि खोलीत जे बोललं जातं ते पुरावा म्हणून कोर्टात जात नाही, त्यामुळे लोक बऱ्यापैकी मोकळं बोलतात. तर एक जोडपं आठवतं, दोघं अगदी सभ्य, आवाज चढवत नाहीत, एकमेकांना मध्येच तोडत नाहीत. बोलता बोलता तिची पाण्याची बाटली टेबलावरून पडली आणि गडगडत त्याच्या बुटापाशी गेली. त्यानं ती बघितली, पाय जरासा बाजूला घेतला आणि बोलणं पुढं चालू. तिलाही त्यात काही विशेष वाटलं नाही, उठली, वाकली, बाटली घेतली, परत येऊन बसली. मी तेव्हाच मनात म्हटलं, हे काही परत जात नाहीत. आणि त्याच आठवड्यात दुसरं जोडपं, ते तर बाहेरच्या बाकड्यापासूनच भांडत आलेलं, ती त्याच्या आईवर घसरलेली, हा तिच्या भावाचा उद्धार करतोय, आणि मध्येच तिला ठसका लागला तर हा पठ्ठ्या ओरडायचं न थांबवता आपली बाटली तिच्यापुढं सरकवतो, झाकण काढून. ती पण घेते, पिते आणि परत सुरू. त्यांनी चार-पाच बैठकांनंतर केस मागं घेतली.

आता एका बाटलीवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण हेच एकानं नीट मोजून बघितलंय. अमेरिकेत जॉन गॉटमन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी सिएटलला विद्यापीठात एक फ्लॅटसारखी जागा केली, नवीन लग्न झालेली शंभरावर जोडपी तिथं आणली आणि नुसतं सांगितलं की घरी राहता तसे राहा, कॅमेरे चालू. त्यांना काही गाजलेले प्रसंग दिसले नाहीत, दिसलं ते असं की एकजण म्हणतो "बाहेर बघ केवढी बोट चाललीये" आणि दुसरा एक तर मान वर करून बघतो, किंवा बघत नाही. सहा वर्षांनी ती जोडपी परत शोधली. जी एकत्र होती त्यांनी तेव्हा अशा शंभरातल्या 86 हाकांना ओ दिलेली होती, आणि ज्यांचा घटस्फोट झाला होता त्यांनी 33. या माणसानं पुढं "कुठलं जोडपं मोडणार ते मी सांगतो" असे जे मोठमोठे आकडे दिले त्यावर बाकीच्या संशोधकांनी बरीच टीका केली, ती बरोबरच आहे, कारण निकाल माहीत झाल्यावर बसवलेलं सूत्र म्हणजे काही भविष्य नव्हे. पण हाकेला ओ देण्याची गोष्ट मला इतक्या वर्षांच्या बैठकांमध्ये जशीच्या तशी दिसली, म्हणून ती मी मानते.

म्हणजे चिऊ, प्रेम टिकतं ते ॲनिव्हर्सरीच्या डिनरनं नाही, ते टिकतं दिवसातून वीस वेळा येणाऱ्या फालतू बोलण्याला तू काय उत्तर देतेस त्यावर. आपल्या घरचंच बघ. पावसाळा लागला की हे रोज सकाळी पेपर उघडणार आणि मला सांगणार, "कोयनेत आज अमुक टीएमसी झालं बघ." मला टीएमसीत काडीचाही इंटरेस्ट नाही. मी तिथं भेंड्या चिरत असते, एक डोळा दुधावर. पण मी म्हणते, "अजून भरलं नाही का?" मग ते म्हणणार, "छे गं, एकशे पाच लागतात भरायला, अजून नवजाला पाऊस कुठाय." संपलं. अर्ध्या मिनिटाचं काम. धरणाचा त्यात फारसा संबंधच नाहीये, त्यांना सकाळी उठल्यावर कोणाशी तरी बोलायचं असतं आणि ती कोणतरी मी आहे. हेच जर मी रोज "मला काय करायचंय तुमच्या धरणाशी" म्हटलं असतं तर आठवड्याभरात त्यांनी सांगणं बंद केलं असतं, भांडण नाही, काही नाही, नुसतं बंद. गप्प जोडपी अशी तयार होतात, कोणी एका दिवसात गप्प होत नाही.

तुमच्या घरी धरण नसेल, रील असेल. तो ऑफिसातून क्रिकेटची क्लिप पाठवतो आणि तू नुसता अंगठा टाकतेस हे मी बघितलंय. तू क्लिनिकमधून दमून येऊन एखाद्या पेशंटचं सांगतेस तेव्हा तो "हं हं" करत लॅपटॉपवर टाइप करत असतो, हे तूच मला चिडून सांगितलंयस. दर वेळी सगळं सोडून ऐका असं मी म्हणत नाही, माणसं कामात असतात. तेव्हा सरळ म्हणायचं, "आत्ता कॉलवर आहे, जेवताना सांग." पण मग जेवताना आपण आठवणीनं विचारायचं, "काय झालं मग त्या गुडघ्याच्या काकूंचं?" हा दुसरा भाग नवरे फार विसरतात, आणि खोटं कशाला बोलू, बायकाही विसरतात. विसरणं एकदा चालतं. सवय झाली की समोरचा माणूस सांगायला दुसरी जागा शोधतो, मैत्रीण म्हण, आई म्हण, ऑफिसमधलं कोणी म्हण.

आता भांडणाकडे येते, कारण तुझा खरा प्रश्न तोच आहे.

भांडण कशावरून झालं याच्यापेक्षा ते कसं सुरू झालं आणि कुठं थांबलं हे बघायचं. एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नवरा-बायको दोघं नोकरीवाले, पुण्यात भाड्यानं राहणारे, मूल नाही अजून. एक दिवस तिनं लाइट बिल भरायला त्याचा फोन घेतला आणि तिला दिसलं की तो दर महिन्याला गावी वडिलांना आठ हजार पाठवतो, लग्नाआधीपासून. तिनं रात्री तो दारातून आत आल्या आल्या सुरुवात केली, "तुम्ही नेहमी माझ्यापासून लपवता, तुम्हाला तुमच्या घरच्यांपुढं मी कोणीच नाही." तो म्हणाला, "माझ्या पगारातले देतो, तुझ्या बापाच्या खिशातले नाही." झालं, इथून पुढं आठ हजार बाजूलाच राहिले आणि दोघांची खानदानं निघाली. दीड महिन्यानं ती माहेरी, आणि त्यानंतर वकील.

माझ्याकडं आल्यावर मी आधी एकटीला विचारलं, पैसे पाठवायला तुझा विरोध आहे का? म्हणाली, नाही हो मॅडम, माझे वडील असते तर मीही पाठवले असते, पण सांगितलं का नाही? त्याला एकट्याला विचारलं, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती आणि मग मला दोघांपैकी एक निवडावं लागलं असतं. बघ, म्हणजे भांडण पैशाचं नव्हतंच. तिला वाटत होतं आपल्याला घरातलं मोजत नाहीत, आणि त्याला भीती होती की आपल्याला वाईट मुलगा नाहीतर वाईट नवरा व्हावं लागणार. दोघंही खरं तेच बोलत नव्हते, आणि बोलणार तरी कसे, पहिलंच वाक्य "तुम्ही नेहमी"नं सुरू झाल्यावर समोरचा ढाल उचलणारच.

मग समोरासमोर बसवल्यावर मी तिला तीच गोष्ट परत सांगायला लावली, पण तीन तुकड्यांत. काय दिसलं, मला काय वाटलं, मला काय हवंय. तिला तीनदा अडवावं लागलं, कारण गाडी सारखी "तुम्ही"वर जायची. शेवटी ती म्हणाली, "मला फोनमध्ये आठ हजार दिसले, मला एकदम परकं वाटलं, मला घरातला पैसा कुठं जातो ते आधी कळायला हवं." तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "वडिलांच्या औषधाला लागतात, मला सांगायची लाज वाटली, कारण भाऊ काही देत नाही." हे तिला लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी माहीत नव्हतं.

ठरलं काय, तर पगार झाला की एक तारखेनंतरच्या पहिल्या रविवारी दोघांनी बसायचं, भाडं, किराणा, गावचे पैसे, बचत हे आधी बाजूला काढायचं, उरलेल्यातले ठराविक दोघांनी आपापल्या खात्यात ठेवायचे आणि त्याचा हिशोब कोणी कोणाला विचारायचा नाही, आणि तीन हजारांच्या वर काही घ्यायचं तर आधी सांगायचं. विचारायचं नाही हां, सांगायचं, यावरही अर्धा तास गेला. आठ हजार जास्त की कमी यावर त्यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. तिला सहा वाटत होते, त्याला दहा द्यावेसे वाटत होते. तसेच ते घरी गेले.

हे मुद्दाम सांगतेय, कारण तुमच्या पिढीला वाटतं की बोललं की प्रश्न सुटतो. बरेचसे सुटत नाहीत बाळा. त्याच गॉटमननं मोजलं तेव्हा नवरा-बायकोच्या भांडणांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त विषय कायमचे निघाले, स्वभावातले, घरच्या वळणातले, वर्षानुवर्षं तेच. एकाला खर्च करायला आवडतं, एकाला साठवायला, एकाला वेळेच्या आधी अर्धा तास स्टँडवर पोचायचं असतं आणि एकाला एसटी हलल्यावर. आमच्याकडं फॅन आहे. यांना पाचवर लागतो, मला दोनवर, आणि त्याचा निकाल अजून लागलेला नाही, आता फक्त त्यावरून आम्ही हसतो एवढाच फरक. त्यामुळे भांडण मिटलं का हे बघू नकोस, त्याच विषयावर बोलताना आवाज पहिल्यापेक्षा खाली आलाय का ते बघ.

आणि भांडताना थांबता यायला हवं. छाती धडधडते, कान गरम होतात, समोरचा काय बोलतोय ते ऐकूच येत नाही, अशी वेळ आली की पुढचं प्रत्येक वाक्य नुकसानीचं असतं. तेव्हा उठायचं, पण न सांगता उठायचं नाही. दार आपटून बाल्कनीत जाणं आणि "मला अर्धा तास दे, साडेनऊला परत बोलू" म्हणून जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात मागं राहिलेल्याला कळत नाही की हा परत येणार आहे का. शरीर शांत व्हायला वीसेक मिनिटं तरी लागतात, तोपर्यंत मनात मुद्दे घोकत बसायचं नाही, भांडी घास, खाली चक्कर मार. आणि साडेनऊ म्हटलं की साडेनऊलाच यायचं, नाहीतर पुढच्या वेळी तुझ्या अर्ध्या तासावर कोणी विश्वास ठेवणार नाही. रात्री भांडण मिटवूनच झोपायचं हा जो सल्ला तुला उद्या चार मावश्या देतील ना, तो मला पटत नाही. रात्री बाराला दमलेल्या डोक्यानं काही मिटत नाही. "सकाळी बोलू, आत्ता झोपू, पांघरूण घे" एवढं म्हणून झोपलं तरी पुष्कळ.

एक गोष्ट मात्र मी विषासारखी मानते, ती म्हणजे तुच्छता. राग चालतो. रागात अजून समोरच्याकडून अपेक्षा असते. पण डोळे फिरवणं, नक्कल करणं, चारचौघांत "ह्यांना काय कळतंय" म्हणणं, हे एकदा घरात शिरलं की निघता निघत नाही. माझ्यासमोर बसलेल्या बायका नवऱ्यानं केलेला आरडाओरडा विसरून जायच्या, पण मित्रांपुढं तिच्या इंग्रजीची केलेली चेष्टा दहा वर्षांनी तारखेसकट सांगायच्या. आणि हे आपल्याकडं बहुतेक घराण्यावरून येतं. परवा मेन्यू ठरताना त्याची आई पाटवडी रस्सा ठेवा म्हणाली, आणि आपल्यातलं कोणीतरी पटकन म्हणालं, "या नागपूरवाल्यांना देवाच्या प्रसादावरही तर्री लागते." सगळे हसले, तूही हसलीस. तो नाही हसला. मी बघत होते त्याच्याकडं. ती गोष्ट इतकीच होती, कदाचित तो विसरलाही असेल, पण तू उद्यापासून एक कर, तुझ्या माणसांसमोर त्याच्या माणसांची चेष्टा सुरू झाली की ती तू थांबव, आणि त्याच्या माणसांसमोर तुझी झाली तर त्यानं थांबवायची. आपल्या बाजूचं माणूस आपण आवरायचं. सून सासूला बोलली की ते भांडण होतं, मुलगा आईला बोलला की ते घरातलं बोलणं राहतं, आणि जावयाचंही तसंच. हे दोघांनी आजच ठरवून टाका, मेसेज कर त्याला, जागाच असेल.

आता जे लिहायला मला आवडत नाही पण लिहिणारच. वरचं सगळं दोन साध्या, चुकणाऱ्या माणसांसाठी आहे. मारणारा हात, फोन तपासणं, पगार काढून घेणं, माहेरी बोलू न देणं, मुलीच्या नाही म्हणण्याला किंमत न देणं, याला हाकेला ओ देणं वगैरे काही लागू होत नाही, तिथं नीट बोलून बघ असं सांगणारा समुपदेशक नालायक समजायचा. तो मुलगा तसा नाहीये, माझी पारख आहे. तरीपण घरगुती हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा आहे, बायकांच्या मदतीसाठी 181 नंबर आहे, आणि त्याच्या आधी हे घर आहे, इथं यायला कारण सांगावं लागत नाही. दागिने तुझ्या नावच्या लॉकरमध्ये ठेव, ते तुझं स्त्रीधन आहे, सासरी काय नि माहेरी काय, दुसऱ्या कोणाचा त्यावर हक्क नाही. यात अविश्वास वगैरे काही नाही, तुझ्या सासूनंही तेच केलेलं असेल, विचार तिला.

राहिला उद्याचा दिवस. सकाळपासून ब्यूटीपार्लरवाली, मुंडावळ्या, हार, फोटो यात तुझं डोकं ठिकाणावर राहणार नाही, पण सप्तपदीला जरा लक्ष दे. आपल्या विवाह कायद्यातही, 1955 च्या, कलम 7 मध्ये लिहिलंय की जिथं सप्तपदी हा विधी असतो तिथं सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं आणि बंधनकारक झालं. मंगलाष्टकांना लोक अक्षता टाकून जेवायला पळतात, खरं लग्न त्यानंतर लागतं, तेव्हा मांडवात गुरुजी, आम्ही म्हातारे आणि फोटोग्राफर एवढेच उरतो. आणि ती पावलं कसल्या क्रमानं आहेत बघ, पहिलं अन्नासाठी, दुसरं बळासाठी, तिसरं धनासाठी, चौथं सुखासाठी, पाचवं मुलाबाळांसाठी, सहावं ऋतूंसाठी, आणि सातव्याला म्हणतात "सखा सप्तपदी भव", आता माझा मित्र हो. जेवणाची आणि पैशाची व्यवस्था आधी, मैत्री सगळ्यात शेवटी, असं का ठेवलं असेल यावर मी आणि हे बऱ्याचदा वाद घालतो. ते म्हणतात मैत्री हे शिखर म्हणून शेवटी. मी म्हणते, किराणा आणि हिशोब एकत्र केल्याशिवाय माणूस मित्र होतच नाही म्हणून शेवटी. तू तुझं ठरव.

गुरुजींशी मी बोलून ठेवलंय, प्रत्येक पावलाला थांबून मराठीत अर्थ सांगायला ते तयार आहेत, फक्त पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतील म्हणाले. तेवढं केटररला आणि फोटोग्राफरला सकाळीच सांगून ठेव, म्हणजे पाचव्या पावलाला कोणी "मॅडम, इकडं बघा" म्हणून ओरडणार नाही.

तुझी आजी